समुद्रात सुती कुर्ता नको

गुहागरच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पाचनंतर थोडा वेळ उभं राहून बघा. सासू-सासरे, दीर-जाऊ, पोरंटोरं असा गोतावळा पाण्यात शिरतो. बायकांच्या अंगावर सुती कुर्ता आणि लेगिंग्ज असतात, पुरुषांची जीनची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली असते. चार लाटा अंगावर आल्या की कुर्ता अंगाला चिकटतो, लेगिंग्ज गुडघ्याशी लोंबायला लागतात आणि जीन इतकी जड होते की नवरोबा एका हाताने कंबर धरूनच बाहेर येतात. घरच्या माणसांत अवघडायला नको म्हणून अंगभर घातलेले कपडे नेमके तिथेच अवघडायला लावतात.

दोष अंगभर कपड्यांचा नाही, सुताचा आहे. उन्हाळ्यात सुती कापड बरं वाटतं, कारण ते घाम पितं. पण त्याच गुणामुळे ते समुद्रही पितं. कापसाचा धागा पाणी आत शोषून घेतो. पॉलिस्टरचा धागा जवळपास शोषतच नाही; पाणी फक्त धाग्यांच्या फटींत अडकतं, ते पिळून निघतं आणि उरलेलं वाऱ्यावर उडतं. खात्री करायची असेल तर घरच्या वजनकाट्यावर करा. सुती कुर्ता आणि व्यायामाचा ड्राय-फिट टी-शर्ट कोरडे असताना तोला, मग भिजवून, घट्ट पिळून पुन्हा तोला. सुती कुर्त्याचं वजन जवळपास दुप्पट झालेलं दिसेल, टी-शर्टचं त्यामानाने बरंच कमी वाढेल. रेयॉन सुतापेक्षाही वाईट: ते जास्त पाणी धरतं, लोंबतं आणि ओलं असताना कमकुवत होतं. दुकानात त्याचा मऊपणा पाहून फसू नका.

कापड ओलं झालं की आरपार दिसतं, ते जाडीइतकंच रंगावरही अवलंबून असतं. कोरड्या कापडात धाग्यांमधली हवा प्रकाश विखुरते. त्या फटींत पाणी भरलं की प्रकाश सरळ आत जातो. म्हणून पांढरा, फिकट गुलाबी, आकाशी हे रंग पाण्यात दगा देतात. गडद निळा, बाटली हिरवा, मरून आणि त्यावर बारीक छाप असेल तर अंगाची रेघ नजरेत भरत नाही. विकत घेताना निदान कापडाखाली हात धरून बघा. कोरडं असतानाच बोटं दिसत असतील, तर तो कुर्ता पाण्यासाठी नाही.

पाण्यातला जोड असा करावा: वर मांडीच्या मध्यापर्यंत येणारा, सैलसर, कोपरापर्यंत बाह्यांचा पॉलिस्टर टॉप आणि खाली नायलॉन-लायक्राची घोट्यापर्यंतची पँट. नेहमीच्या कुर्त्याखालच्या लेगिंग्ज बहुतेक सुती-लायक्राच्या असतात, म्हणून आतली पट्टी वाचा. टॉप याहून लांब नको. गुडघ्याखाली येणारा कुर्ता पाण्यात तरंगून कमरेपर्यंत वर येतो आणि बाहेर पडताना पायांना गुंडाळतो. त्याला कमरेपर्यंत कट असले, तर निदान पाऊल अडत नाही. कमरेला इलॅस्टिकबरोबर नाडी हवीच, कारण लाट इलॅस्टिकला जुमानत नाही. ओढणी खोलीतच ठेवा. लाटेत ती गळ्याभोवती आवळू शकते. आपल्या कोळणींचं लुगडं आठवा: कासोटा घट्ट, पोटऱ्या मोकळ्या. पाण्याशी रोजचं काम असणाऱ्यांनी हा हिशेब कधीच केला आहे.

पुरुषांचं सोपं आहे. पॉलिस्टरची गुडघ्यापर्यंतची बर्म्युडा, आत जाळीचं अस्तर, वर ड्राय-फिट टी-शर्ट. बनियनवर पाण्यात शिरणाऱ्या काकांना मात्र कोण सांगणार?

एक मर्यादा मान्य केली पाहिजे. पॉलिस्टर ओलं असेपर्यंत वाऱ्यावर गार लागतं. वाळल्यावर उन्हात ते चिकचिकतं आणि घामाचा वास धरतं. म्हणून पाण्यातून आल्यावर ते उतरवायचं आणि मग खुशाल सुती कुर्ता किंवा मलमलचा सैल अंगरखा चढवायचा. दोन जोड लागतात, पण दोन्ही मिळून एका भिजलेल्या जीनपेक्षा हलकेच भरतात.

आमच्या घरी एकदा या सगळ्यानंतरही फजिती झाली. रात्री बाल्कनीत टाकलेले कपडे सकाळी ओलसरच होते. कारण मीठ. समुद्राचं मीठ कापडात राहिलं की ते दमट हवेतलं पाणी ओढत राहतं, मग ड्राय-फिट असो की काही. त्यामुळे कपडे आधी दोनदा गोड्या पाण्यातून काढा, शिवणीत आणि खिशात अडकलेली वाळू झटका, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा आणि सावलीत, वारा येईल तिथे टाका. लॉजवर दोरी असेलच असं नाही. चार मीटर सुतळी आणि आठ चिमटे बॅगेत टाकायला विसरू नका.