पाच दिवस, दोन लेणी

हंपीवरचा लेख पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण गेल्या लेखानंतर एका वाचकांनी विचारलेला प्रश्न आधी सोडवायला हवा. ते बासष्टचे, पत्नी साठीच्या, दोघेही लवकर दमतात. पाच दिवसांत वेरूळ-अजिंठा झेपेल का? झेपेल, पण थकवा कुठून येतो हे ओळखून आखणी केली तर. चालण्यापेक्षा जास्त दमवतो तो परतीचा प्रवास. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर आहे. एका दिवसात जाऊन-येऊन केले तर पाच तास गाडीत जातात आणि पायऱ्या चढायची वेळ भर दुपारी येते. म्हणून अजिंठा हा परतीचा नव्हे, पुढच्या वाटेवरचा मुक्काम करावा. लेण्यांपासून जळगाव साठेक किलोमीटरवर आहे आणि मुंबईची मुख्य रेल्वेलाइन तिथून जाते. आलेल्या वाटेने परत फिरायची गरजच नाही.

वारही जमवायला हवेत. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. तेव्हा मंगळवारी संभाजीनगरला पोहोचून फक्त विश्रांती. बुधवारी दुपारी वेरूळ, कारण कैलास लेणे पश्चिमाभिमुख आहे आणि उतरते ऊन समोरून येते. चौतीस लेण्यांच्या मागे लागू नये. कैलास, म्हणजे सोळावे, निवांत पाहावे. दक्षिणेकडचे कैलास हलवणाऱ्या रावणाचे शिल्प खालच्या अंगणातूनच दिसते, वर चढावे लागत नाही. जमले तर दहावे पाहावे. गुरुवारी सकाळी बीबी का मकबरा, जेवण, वामकुक्षी आणि संध्याकाळपर्यंत अजिंठ्याच्या पायथ्याचे फर्दापूर. शुक्रवारी सकाळी नऊला लेणी उघडतात, तेव्हा तुम्ही ताजेतवाने दारात. फर्दापूर फाट्यावरून लेण्यांपर्यंत बस नेते. सुरुवातीच्या पायऱ्या जड वाटल्या तर डोली करावी, त्यात संकोच कसला? पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे ही चित्रांची लेणी, आणि पाय साथ देत असतील तरच सव्विसाव्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, म्हणून वाकून नाडी बांधावी लागणारे बूट नकोत. आत शिरल्याबरोबर काही दिसत नाही. दोन-चार मिनिटे शांत उभे राहिले की डोळे सरावतात आणि भिंतीवरचा पद्मपाणी हळूहळू उमटू लागतो. घाईतल्या माणसाला नेमके हेच मिळत नाही. शनिवारी जळगावहून गाडी.

यावर आक्षेप येईल, की इतक्या लांब जाऊन दौलताबादचा किल्ला सोडायचा? सोडायचा. तिथली चढण उंच आहे, वाटेत अंधारी भुयारी वाट आहे आणि उतरताना गुडघ्यांवर ताण येतो तो वेगळाच. वेरूळच्या रस्त्यावरून किल्ला दिसतो, तेवढा पुरे. दुसरा आक्षेप खर्चाचा. फर्दापूरच्या मुक्कामाने हॉटेल बदलावे लागते आणि गाडी एकेरी करावी लागते, हे खरे. पण त्या पैशात तुम्ही अजिंठ्याची सकाळ विकत घेता. मला विचाराल तर कपात करायचीच असेल, तर ती स्थळांत करावी, मुक्कामात नको.