दहा जिलेब्यांचा हिशेब

ताटलीतली एक जिलेबी वजनकाट्यावर ठेवली की चोवीस ग्रॅम असा आकडा मिळतो, पण त्यातून कॅलरी कळत नाहीत. त्या चोवीस ग्रॅममध्ये मैदा किती, तेल किती, पाक किती, हे काटा सांगत नाही. म्हणून २६ जानेवारीला घरी जिलेबी करायचं ठरलं तेव्हा मी पिठाची बाटली, तळणीची कढई आणि तळलेली जिलेबी वेगवेगळी तोलायचं ठरवलं, तेही दहा-दहाच्या घाण्याने. घरातल्या काट्याला एका ग्रॅमखालचं कळत नाही. एकेक जिलेबी तोलली असती तर चूक फार मोठी झाली असती.

पीठ रात्री भिजवलं होतं: मैदा २५० ग्रॅम, बेसन २०, दही ५०, पाणी २३०. म्हणजे एकूण ५५० ग्रॅम, त्यात निम्मं पीठ. दह्याच्या कॅलरी जिलेबीमागे एकही होत नाहीत, त्या सोडून दिल्या. सकाळी पीठ फुगून त्यावर बुडबुडे आले होते. ते बाटलीत भरून दहा वेढे तेलात सोडले तेव्हा बाटली १२० ग्रॅमने हलकी झाली. त्यात ५९ ग्रॅम पीठ, ग्रॅममागे साडेतीन कॅलरी धरल्या तर सुमारे २०६.

तेल मोजताना पहिल्यांदा फसले. गरम कढई पाटावर ठेवून तोलली तर काट्यावरचा आकडा स्थिर राहीना. शेवटी कढई तेलासकट तापवायच्या आधी तोलली आणि तळून झाल्यावर पूर्ण थंड करून पुन्हा. २८ ग्रॅम तेल कमी भरलं. झाऱ्याला आणि निथळायच्या ताटलीला लागलेलं तीनेक ग्रॅम वजा केलं. दहा जिलेब्यांनी २५ ग्रॅम तेल घेतलं, म्हणजे २२५ कॅलरी. वाफ गेली ती पिठातल्या पाण्याची, पण ते पाणी कढईच्या वजनात कधी धरलंच नव्हतं, त्यामुळे हिशेब बिघडत नाही. पुढे पाकावर तेलाचे बारीक डोळे तरंगताना दिसतात, तेवढं तेल जिलेबीतून सुटलेलं असतं. म्हणून हा आकडा थोडा चढाच समजावा.

तळून निघाल्या तेव्हा दहा जिलेब्या ९२ ग्रॅम भरल्या. पाकातून काढल्या तेव्हा २४०! अर्ध्या मिनिटात १४८ ग्रॅम पाक आत गेला. चांगल्या जिलेबीचा वेढा नळीसारखा पोकळ असतो. आंबलेल्या पिठातली हवा आणि वाफ त्याला फुगवतात, वरचं कवच कडक होतं, आणि गरम जिलेबी पाकात पडली की आतली वाफ थंड होऊन आक्रसते आणि पाक ओढून घेते. माझा पाक ५०० ग्रॅम साखरेचा, आटवून ६६५ ग्रॅमवर आणलेला, एकतारी. म्हणजे त्यात तीन चतुर्थांश साखर. १४८ ग्रॅममध्ये १११ ग्रॅम साखर, ४४४ कॅलरी.

बेरीज ८७५. एका चोवीस ग्रॅमच्या जिलेबीत जवळपास ८८, आणि त्यातला निम्मा वाटा पाकाचा. मी तर तेलालाच दोष देत आले होते!

सासूबाई म्हणाल्या, “पीठ घट्ट झालंय गं, पाणी घाल. जिलेबी हलकी होईल.” उरलेल्या पिठात पाणी वाढवलं, ५५० ग्रॅमला ६० या हिशेबाने, आणि पुन्हा दहा काढल्या. धार तेलात पसरली, वेढे चपटे झाले, एकमेकांना चिकटले. पोकळी धरलीच नाही, म्हणून पाकही फारसा आत शिरला नाही. या वेळी कोरडं पीठ ४६ ग्रॅम गेलं, तेल मात्र २७, कारण चपट्या जिलेबीला पिठाच्या मानाने पृष्ठभाग जास्त आणि बाहेर पडणारं पाणीही जास्त. पाक ९६ ग्रॅम. १६१, २४३ आणि २८८ मिळून ६९२ कॅलरी, म्हणजे जिलेबीमागे ६९.

सासूबाईंचं खरं ठरलं खरं, पण नगावर. दहा पातळ जिलेब्या १७५ ग्रॅमच भरल्या. शंभर ग्रॅमला हिशेब केला तर फुगलेल्या जिलेबीत ३६५ कॅलरी आणि पातळ चपटीत ३९५, कारण पाकाबरोबर थोडं पाणी तरी येतं, तेलाबरोबर काहीच येत नाही. दुकानात जिलेबी मिळते ती वजनावर. पाव किलो फुगलेली घेतली तर दहा-अकरा जिलेब्या आणि साधारण ९१० कॅलरी. पातळ घेतली तर चौदा जिलेब्या आणि ९९०.

हे सगळं सांगेपर्यंत चपट्यांची ताटली रिकामी झाली होती. “त्या कुरकुरीत होत्या,” सासूबाई म्हणाल्या आणि मठ्ठ्याचं भांडं पुढे ओढलं.