तुकड्यातुकड्यांचा व्हिडिओ

मोबाइलवर आपण दहा मिनिटांचा व्हिडिओ सलग पाहतो, पण सर्व्हरवर तो बहुतेक वेळा तुकड्यांत ठेवलेला असतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत सहा सेकंदांचा एक तुकडा धरला, तर असे शंभर तुकडे होतात, तेही प्रत्येक दर्जाचे वेगळे.

त्यांचा हिशेब साध्या मजकुराच्या याद्यांत असतो. मुख्य यादी दर्जे आणि त्यांना लागणारा वेग सांगते. प्रत्येक दर्जाच्या यादीत तुकड्यांचे पत्ते क्रमाने असतात, आणि पत्त्याच्या वर `#EXTINF:6.0,` अशी लांबीची नोंद. तुकडा किती वेगाने उतरला हे पाहून प्लेअर पुढचा कोणत्या दर्जाचा घ्यायचा ते ठरवतो. सगळ्या दर्जांचे तुकडे एकाच क्षणी कापलेले आणि पूर्ण चित्राने सुरू होणारे असले, की ही अदलाबदल सांधा न दिसता होते.

आपल्याच व्हिडिओची सलग फाइल हवी असेल, तर एकाच दर्जाची यादी घ्यावी:

```
ffmpeg -i 720p.m3u8 -c copy film.mp4
```

`copy` मुळे चित्र नव्याने एन्कोड होत नाही. म्हणून काम झटपट होते, दर्जाही घटत नाही.

खरी अडचण मध्येच जाहिरात घातलेली असेल तेव्हा येते. तिथे तुकड्यांतले घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. मग जोडलेल्या फाइलची लांबी भलतीच दिसते किंवा आवाज ओठांच्या मागे पडतो. अशा वेळी यादीत `#EXT-X-DISCONTINUITY` शोधावे. सापडले, तर त्या ओळीपाशी भाग वेगळे करून, सारख्या मापात पुन्हा एन्कोड करून जोडावे लागतात.