लग्न झालेल्या ताईने भरतीचा फॉर्म भरताना

मैत्रिणींनो, आरोग्य सेविका, पोलीस शिपाई अशा भरतीचा ऑनलाइन फॉर्म भरताना तुमचे दाखले समोर बसून कोणी तपासत नाही. ते तपासतात पुढे, परीक्षा होऊन यादीत नाव लागल्यावर. तेव्हा चूक सापडली तर मार्क असूनही जागा जाते. लग्न झालेल्या बहिणींचं काम तिथे दोन ठिकाणी अडतं: नाव आणि नॉन-क्रिमीलेअर.

समजा, एक ताई ओबीसी आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर तिचं नाव वडिलांच्या नावासह आहे, आधारवर नवऱ्याच्या. जात जन्माने, वडिलांकडून मिळते. लग्नाने बदलत नाही. म्हणून जातीचा दाखला माहेरच्या नावाने आणि माहेरच्या कागदांवरच निघतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वडील-आजोबांचा पुरावा मागतात, जसं शाळा सोडल्याचा दाखला. सासरच्या तालुक्यात हेलपाटे घालू नका, वडिलांचं कुटुंब ज्या तालुक्याचं आहे तिथल्या सेतू किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज करा.

फॉर्ममध्ये नाव दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे लिहा. ‘नावात बदल आहे का?’ असं विचारलं असेल तर ‘होय’ करून लग्नानंतरचं नाव द्या. दोन्ही नावं एकाच बाईची, हे दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र लागतं. लग्नाची नोंदणी केली नसेल तर ती आधी करून घ्या.

आता नॉन-क्रिमीलेअर. इथे उत्पन्न आई-वडिलांचं बघतात, नवऱ्याचं नाही. नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला जोडला तर अर्ज परत येतो. या दाखल्याला मुदत असते, ती त्यावरच छापलेली असते. समजा, ताईच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपली आणि फॉर्मची शेवटची तारीख आहे २० जून. तिने तोच जुना नंबर टाकून फॉर्म भरला, नवा दाखला जुलैत काढला. पडताळणीत तो चालत नाही, कारण जाहिरातीत साधारणपणे शेवटच्या तारखेला दाखला वैध असावा अशी अट असते. तेव्हा जाहिरातीची वाट न बघता, मुदत संपली की लगेच नवा काढा.

रेल्वे, पोस्ट अशा केंद्राच्या भरतीला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला तिथे धरत नाहीत. केंद्रात वेगळा मागा.

फोटो अलीकडचा, समोरून काढलेला, मागे पांढरा पडदा असलेला घ्या. जुन्या फोटोचा मोबाईलने काढलेला फोटो टाकू नका. त्याच फोटोच्या सहा-सात प्रती जपून ठेवा, कारण हॉलतिकिटावर आणि पडताळणीच्या दिवशी तोच जुळवतात. सहीसुद्धा शेवटपर्यंत एकच ठेवा.

फॉर्म सबमिट करण्याआधी दाखले समोर ठेवून नंबर आणि तारीख मोठ्याने वाचून घ्या. केंद्रवाल्या दादाने भरला तरी जबाबदारी तुमचीच असते.