चार छटांतला चेहरा

निन्टेन्डोचा गेम बॉय 1989 साली बाजारात आला तेव्हा त्याचा पडदा 160 पिक्सेल रुंद आणि 144 पिक्सेल उंच होता, आणि त्यावर हिरवट रंगाच्या फक्त चार छटा दिसत. अशा खेळातल्या पात्राला स्वतःचा चेहरा द्यायचा, तर सेल्फीतले लाखो रंग या चार छटांत बसवावे लागतात. संवादाच्या चौकटीत दिसणाऱ्या चेहऱ्यासाठी 48 बाय 48 पिक्सेल हा सोयीचा आकार आहे. गेम बॉय चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे करून ती साठवतो. त्या हिशेबाने या चेहऱ्याचे 36 तुकडे होतात आणि सगळे मिळून 576 बाइट जागा घेतात.

निम्मे काम फोटो काढतानाच होते. एका बाजूने खिडकीचा उजेड आणि मागे मोकळी भिंत असेल, तर नाक, गाल आणि हनुवटी सावलीमुळे वेगवेगळी ओळखू येतात. समोरून फ्लॅश मारलेला चेहरा मात्र सपाट होतो, आणि चार छटांत तो नुसता पांढरट गोळा दिसतो. फोटो डोक्यापासून खांद्यापर्यंत चौरस कापावा, आधी करडा करावा, गडद-फिक्यातला फरक वाढवावा आणि मगच 48 पिक्सेलपर्यंत लहान करावा.

यानंतर बहुतेकांचे चित्र बिघडते. या पडद्याची नक्कल करताना सर्रास वापरल्या जाणाऱ्या छटा अशा आहेत: #0F380F, #306230, #8BAC0F आणि #9BBC0F. यातल्या शेवटच्या दोन एकमेकींच्या अगदी जवळ आहेत. शून्य ते 255 या मापात पहिलीची उजळता 39 च्या आसपास भरते, दुसरीची 77, तिसरीची 144 आणि चौथीची 158. फोटो थेट या पॅलेटवर टाकून ‘सर्वांत जवळचा रंग’ शोधायला लावला, की जरा उजळ असलेला प्रत्येक पिक्सेल चौथ्या छटेत जातो आणि तिसऱ्या छटेच्या वाट्याला कमी पिक्सेल येतात. म्हणून आधी चार करड्या छटा पाडाव्यात (GIMP मध्ये Posterize हा पर्याय आहे) आणि नंतर प्रत्येकीच्या जागी तिची हिरवी छटा भरावी.

करड्या छटांच्या सीमाही डोळसपणे ठरवाव्या लागतात. समजा, चष्मा आणि मिशी असलेल्या गव्हाळ चेहऱ्याचा फोटो आहे आणि गालांची उजळता 170 ते 210 यांच्यामध्ये आहे. चार समान भाग पाडले तर शेवटची सीमा 192 वर येते, म्हणजे नेमकी गालातून जाते, आणि कोडासारखे डाग उठतात. ती 215 वर सरकवली की सगळा गाल तिसऱ्या छटेत येतो आणि सर्वांत फिकी छटा कपाळ व नाकाचा शेंडा यांच्यापुरती उरते. त्वचा सावळी असेल तर सगळ्याच सीमा खाली सरकवाव्या लागतात. नाहीतर चेहरा आणि केस एकाच काळोखात मिसळतात.

दोन छटांचे ठिपके आलटून पालटून मांडून मधल्या छटेचा भास करण्याला डिदरिंग म्हणतात. 1998 च्या गेम बॉय कॅमेऱ्याचे 128 बाय 112 पिक्सेलचे फोटो याच युक्तीने निभावून जात. 48 पिक्सेलच्या चेहऱ्यावर मात्र ते ठिपके दाढीच्या खुंटांसारखे दिसतात. भिंतीवर किंवा सदऱ्यावर चालतील, गालावर नकोत.

यापुढचे काम हाताचेच आहे, आणि चेहरा ओळखू येतो तोही त्यामुळेच. या आकारात एका डोळ्याला जेमतेम पाच-सहा पिक्सेल मिळतात. संगणकाने दिलेला डोळा बहुधा एक काळा डाग असतो. तो पुसून वरची पापणी, बुबुळ आणि बाजूचा एक फिका पिक्सेल नव्याने मांडावा. चष्म्याची कड एक पिक्सेल जाडीची आणि सलग हवी. हसऱ्या तोंडात दात वेगवेगळे दाखवले तर राक्षस होतो. एक फिकी पट्टी पुरते. जबड्याच्या वळणावरच्या पायऱ्या 1, 2, 3 अशा क्रमाने लांबत गेल्या तर रेषा गुळगुळीत वाटते. 3, 1, 2 असा क्रम आला तर तिथे टेंगूळ दिसते. एकटे पडलेले पिक्सेलही शोधून काढून टाकावेत.

चित्र मोठे करताना पूर्ण पटीतच आणि मधले रंग न भरता करावे. 48 चे 480 व्यवस्थित होतात. 500 केले तर काही पिक्सेल जाड आणि काही बारीक होतात. फाइल PNG मध्ये ठेवावी, कारण JPG कडांभोवती नवे रंग निर्माण करते. रंगांची मोजणी चारच्या वर गेली तर कुठेतरी अशीच गडबड झालेली असते.

पडद्यावर चालणारे 16 बाय 16 पिक्सेलचे पात्र मात्र या चेहऱ्यावरून लहान करून मिळत नाही. फिरत्या आकृतीत एक छटा पारदर्शक धरली जाते, म्हणजे हातात तीनच उरतात. तिथे केसांचा आकार आणि चष्मा एवढेच घ्यावे आणि बाकीचे कोऱ्या चौकटीवर नव्याने काढावे. मिशीला जागा उरली, तर दोन पिक्सेल.