कोय कलम शिकायचंय? आधी नुसती पाचर कापून बघा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बचत गटातल्या ताईंनी गेल्या पावसाळ्यात रोपवाटिकेसाठी हापूसची ४० कोय कलमं बांधली. जगली ६. गावात लगेच बोललं गेलं, हिच्या हाताला गुण नाही. बाहेरून कलम बांधणारा माणूस आणायचा तर त्याची मजुरी द्यावी लागते, आणि ऐन हंगामात तो मिळेलच असंही नाही. त्यामुळे गटाची रोपवाटिका होणार की नाही, हे त्या हातावरच अडलं होतं.

कलम शिकताना मोठी अडचण अशी की चूक लगेच दिसत नाही. काडीला फूट येते की ती काळी पडते, हे कळायला पंधरा-वीस दिवस ते महिना जातो. तोवर आपण कुठे चुकलो हे आठवतही नाही. तशीच आणखी ४० बांधली तरी हात तीच चूक पुन्हा करतो.

शेजारच्या वाडीतल्या एका जुन्या माळीकाकांनी ताईंना सांगितलं, "चार दिवस कलम बांधू नका. कामाचे तुकडे करा, कुठला तुकडा कच्चा आहे तो बघू." तुकडे चारच निघाले: काडी निवडणं, पाचर कापणं, खुंटाच्या चिरेत ती बसवणं आणि पट्टी बांधणं. प्रत्येक तुकडा तिथल्या तिथे तपासता येतो.

काडी तीन-चार महिने वयाची, रोपाच्या जाडीची आणि टोकाचा डोळा फुगलेला पण न फुटलेला, अशी लागते. ताईंनी दहा काड्या तोडून आणल्या, त्यातल्या नऊ बरोबर होत्या. पट्टी बांधून तासाने सोडून पाहिली, जोड जागचा हललेला नव्हता. म्हणजे हे दोन तुकडे जमत होते. मग छाटणीतल्या टाकाऊ काड्यांवर २० पाचरी कापायला लावल्या. दीड-दोन इंच लांब, दोन्ही बाजू सारख्या. काकांनी प्रत्येक काप चाकूच्या सपाट पात्याला लावून उजेडाकडे धरला. मधून उजेड दिसला की काप वाकडा. २० पैकी फक्त ५ काप सपाट निघाले.

दुखणं इथेच होतं. सालीखाली हिरवट ओलसर थर असतो. काडीचा आणि खुंटाचा तो थर एकमेकांना चिकटला तरच जोड जमतो. काप खड्डेखुड्डे असला की मध्ये पोकळी राहते आणि पट्टी कितीही घट्ट बांधली तरी काडी सुकते. ताई पेन्सिलीला टोक काढावं तशी पाचर तासत होत्या, पाच-सहा वेळा चाकू फिरवून. काकांनी आधी चाकूला धार लावून दिली, मग कोपर अंगाला टेकवून एका बाजूला एकच ओढ घ्यायला सांगितलं.

तीन दिवस रोज सकाळी तासभर त्यांनी फक्त पाचरीच कापल्या. खुंटाच्या रोपाला हात लावायचा नाही, कारण कोयीतून आलेलं तांबूस पानांचं कोवळं रोप पंधरा-वीस दिवसच कलमाजोगं असतं, ते सरावात वाया घालवणं परवडत नाही. तिसऱ्या दिवशी २० पैकी १६ काप उजेडाला पास झाले.

आता पाचर बसवणं हा तुकडा सगळ्यात कच्चा ठरला. काडी खुंटापेक्षा बारीक असली की ताई ती चिरेच्या मधोमध ठेवत. दिसायला नीट दिसे, पण साल कुठेच सालीला भिडत नसे. अशा वेळी काडी एका कडेला सरकवून निदान एका बाजूची साल तरी जुळवायची असते. हा सराव चौथ्या दिवशी झाला.

एक गोष्ट मात्र तुकड्या-तुकड्याने शिकता येत नाही. कापलेली पाचर उघड्यावर राहिली की वाळते, म्हणून कापणं, बसवणं आणि बांधणं एका दमात व्हायला हवं. त्यामुळे शेवटी थोडा सराव सलग करावाच लागला. इथे घाई केली की काप पुन्हा बिघडायचा, तेव्हा परत नुसती पाचर.

कोयी टप्प्याटप्प्याने पेरल्या होत्या म्हणून ऑगस्टमध्ये रोपं शिल्लक होती. दुसऱ्या खेपेला ताईंनी पुन्हा ४० बांधली, ती २७ फुटली. मेलेल्या १३ कलमांच्या पट्ट्या सोडून पाहिल्या, तर ९ ठिकाणी बारीक काडी मधोमधच बसलेली. यंदा पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातच ताईंनी छाटणीतल्या जाड-बारीक काड्यांच्या जोड्या लावून सराव धरला आहे. पाचरी त्या आता दहा-बाराच कापतात, हात विसरू नये एवढ्यासाठी.