अटी लागू, पण कोणत्या?

गल्लीतल्या दुकानदारांनी मिळून कूपनांचे पुस्तक काढायचे ठरवले, की पहिली बैठक बहुधा मुखपृष्ठावरच खर्ची पडते. आकाशकंदील कुठे घ्यायचा, दुकानांची नावे कोणत्या क्रमाने, फोन नंबर केवढा. सवलत किती आणि कशावर, हे ज्याचे त्याने चिठ्ठीवर लिहून प्रेसमध्ये पाठवावे असे ठरते. मग चिठ्ठ्या येतात त्या अशा : ‘सर्व खरेदीवर २० टक्क्यांपर्यंत सूट. अटी लागू.’

ग्राहक यातले ‘२० टक्के’ वाचतो. मालकाच्या मनात फक्त जुन्या मालावरची सूट असते. आणि काउंटरवरच्या मुलाला यातले काहीच कोणी सांगितलेले नसते. भांडण तिथेच छापले जाते.

समजा, तालुक्याच्या गावातली बाजारपेठेतली एक गल्ली आहे. साडीचे दुकान, किराणा, स्टेशनरी, चपला, चष्मे, फरसाण अशी बारा दुकाने. प्रत्येकाची दोन कूपने, म्हणजे पुस्तकात चोवीस. पुस्तके छापायची एक हजार. छपाईचा खर्च बाराजणांत वाटून, आणि सवलत ज्याची त्याने सोसायची. इथवर सोपे आहे. अवघड आहे तो कूपनावरचा आकडा, कारण तो शेजारच्याचा बघून ठरवला जातो.

साडीवाल्याला १,००० रुपयांची साडी ७५० ला पडते असे धरू आणि कर बाजूला ठेवू. एरवी त्याला २५० सुटतात. २० टक्के सूट दिली की हातात येतात ८०० आणि सुटतात ५०. म्हणजे एका साडीचा नफा मिळवायला आता पाच विकायला हव्यात. त्याऐवजी ‘१,००० रुपये किंवा जास्त रकमेच्या बिलावर १०० रुपये सूट’ असे लिहिले, तर हजाराच्या बिलावर १५० उरतात, आणि अडीच हजारांच्या बिलावरही सूट १०० च राहते. ग्राहकालाही टक्क्यांचा हिशेब करावा लागत नाही. किराणावाल्याचे मात्र यानेही भागत नाही. पॅकबंद मालात त्याला इतके सुटतच नाही. त्याने शेजाऱ्याच्या आकड्याला आकडा भिडवण्यापेक्षा स्वतः भरलेले मसाले, भाजणी, सुका मेवा एवढ्यापुरतेच कूपन काढावे आणि तसे ठळक लिहावे.

आकडा ठरला की त्याला पुस्तकांच्या संख्येने गुणावे. शंभर रुपये गुणिले हजार पुस्तके म्हणजे जास्तीत जास्त एक लाख. सगळी कूपने परत येत नाहीत हे खरे, पण ‘येणार नाहीतच’ या भरवशावर योजना आखणे महागात पडते. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये हूवर कंपनीने शंभर पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन मोफत तिकिटे देऊ केली होती. बरेचसे लोक तिकिटे मागणार नाहीत असा कंपनीचा होरा होता. लोकांनी मागितली. कंपनीला कोट्यवधी पौंडांचा फटका बसला आणि प्रकरण वर्षानुवर्षे कोर्टात रेंगाळले.

स्टेशनरीवाल्याला ‘पहिल्या १०० ग्राहकांना वही मोफत’ द्यायची असते. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण शंभरावे की एकशे एकावे, हे कसे कळणार? त्यापेक्षा ते कूपन १ ते १०० क्रमांकाच्या पुस्तकांतच बांधावे आणि उरलेल्या नऊशेंत दुसरे घालावे. ज्याच्या हातात कूपन आहे त्याला वही मिळतेच.

आता अटी. साडीवाल्याची चिठ्ठी नव्याने लिहिली तर अशी होईल : ‘१,००० रुपये किंवा जास्त रकमेच्या एका बिलावर १०० रुपये सूट. साड्या व ड्रेस मटेरियलवर. फॉल-पिको, शिलाई आणि सेलमधल्या मालावर नाही. एका बिलाला एकच कूपन. बिल करण्यापूर्वी दाखवावे. रोख रक्कम मिळणार नाही. माल परत केल्यास प्रत्यक्ष भरलेली रक्कम धरली जाईल.’ सात छोटी वाक्ये, पण काउंटरवर विचारले जाणारे बहुतेक प्रश्न यात मिटतात. ‘बिल करण्यापूर्वी’ ही अट हौसेची नाही. सूट विक्रीच्या वेळीच दिली आणि बिलात दाखवली, तर जीएसटी सूट वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो. बिल निघाल्यावर कूपन पुढे आले, की ते रद्द करून दुसरे करण्याचा व्याप होतो.

या अटी सवलतीच्या खालीच छापायच्या, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२२ पासून लागू आहेत. जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवा, असे ती सांगतात. सवलत मराठीत आणि अटी इंग्रजीत, हा नेहमीचा प्रकार त्यात बसत नाही. वरच्या ओळीत दिलेले खालच्या ओळीत काढून घेणेही बसत नाही.

मुदतीची तारीख हा सगळ्यांत सोपा वाटणारा आणि हमखास चुकणारा भाग. आपल्या गल्लीने १ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर २०२६ अशी मुदत ठरवली. महिनाअखेर, म्हणजे लक्षात राहायला बरी. पण ३० नोव्हेंबरला सोमवार आहे, आणि गल्लीची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असेल तर शेवटच्या दिवशी येणाऱ्याला बंद शटर दिसेल. मुदत रविवार २९ नोव्हेंबरला संपवावी किंवा मंगळवार १ डिसेंबरपर्यंत न्यावी. छापताना ‘१/१२/२६’ लिहू नये. महिना अक्षरांत लिहावा आणि पुढे ‘हा दिवस धरून’ एवढे जोडावे. या मुदतीत दिवाळीही येते. ऐन गर्दीत साडीवाल्याला सूट द्यायची नसेल, तर ते दिवस तारखांनिशी कूपनावर हवेत. नुसते ‘सणासुदीचे दिवस वगळून’ लिहिले, तर नवरात्र सण आहे की नाही यावर वाद होईल. आणि तारीख प्रत्येक कूपनावर हवी, कारण फाडलेले कूपन पाकिटात एकटेच फिरते, मुखपृष्ठ घरी राहते.

कागदाच्या बाबतीत चकचकीत आर्ट पेपरचा मोह होतो. मुखपृष्ठाला तो चालेल. आतल्या पानांवर मात्र रबरी शिक्का लवकर वाळत नाही, बोट लागले की फरफटतो, आणि बॉलपेनही घसरते. आतले पान साध्या मॅपलिथोचे घ्यावे. पावती-पुस्तकासारखी डावीकडे पिन, मग अधपान, मग परफोरेशन आणि उजवीकडे कूपन. अधपान आणि कूपन या दोन्हींवर एकच क्रमांक, तोही छपाईपेक्षा वेगळ्या, लाल शाईत, म्हणजे काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर चटकन ओळखू येतो. प्रूफ आले की पिनेच्या बाजूला पुरेशी जागा सोडली आहे ना, हे बघावे. नाहीतर अधपानावरचा क्रमांक पिनेखाली जातो आणि पुस्तक मोडल्याशिवाय दिसत नाही.

दुकानदाराने कूपन घेताना त्यावर शिक्का मारून बिल नंबर आणि रक्कम लिहायची आणि ते डब्यात टाकायचे. महिन्याने डबा उघडला की आकडे बोलू लागतात. साडीवाल्याची बिले १,०२०, १,०५०, १,०८० अशी हजाराच्या किंचित वर दिसली, तर लोकांनी सवलतीसाठी खरेदी थोडी वाढवली असण्याची शक्यता आहे. बहुतेक बिले अडीच हजारांची असतील, तर ही माणसे कूपन नसतानाही एवढे घेणारच होती. मग पुढच्या पुस्तकात १,००० च्या जागी ३,००० छापून बघायला हरकत नाही.